निशाणी ५ वरचा आदेश आम्ही कसा वाचला

मामांच्या जमिनीच्या दाव्यात निशाणी ५ वर, म्हणजे तूर्तातूर्त मनाईच्या अर्जावर, आदेश झाला, आणि त्याच संध्याकाळी त्यातल्या एका परिच्छेदाचा फोटो गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरायला लागला. फोटोतली ओळ अशी होती : ‘वादी हा अतिक्रमणदार असून त्याचा दावा मिळकतीशी काहीएक संबंध नाही.’ खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘कोर्टाचा निकाल.’ मामांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज पार खाली गेला होता. “अगं, वकीलसाहेब म्हणाले अर्ज अंशतः मंजूर झालाय. आन् हितं तर कोर्टानंच मला अतिक्रमणदार लिवलंय. मग मंजूर काय झालं?”

मी बरीच वर्षं दिवाणी काम करणाऱ्या एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग आणि फायलींचं काम केलंय. असे आदेश शेकड्यांनी हाताखालून गेले. त्यामुळे ती ओळ कुठली असणार हे मला फोनवरच कळलं होतं. पण मामांना नुसतं “काळजी करू नका” सांगून भागणार नव्हतं. आदेश त्यांच्या जमिनीचा, उद्या बांधावर वाद झाला तर उभं राहायचं त्यांना. म्हणून रविवारी मी गावी गेले आणि आम्ही दोघांनी तो आदेश पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत उकलून काढला.

आधी दावा काय आहे ते सांगते. गट एकच, क्षेत्र १ हेक्टर २० आर. मामांचे वडील आणि त्यांचे भाऊ यांचा. मामांचं म्हणणं, १९८७ साली तोंडी वाटप झालं, पश्चिमेकडचे ६० आर आपल्याकडे आले, पूर्वेकडचे चुलत्यांकडे. विहीर पूर्वेच्या भागात, पण पाणी दोघांचं. सात-बाऱ्यावर नावं मात्र आजही सामाईक. चुलतभावाने बांध फोडायला सुरुवात केली, जमिनीला गिऱ्हाईक आणलं, तेव्हा मामांनी मालकी ठरवून मिळावी आणि कायम ताकीद मिळावी म्हणून दावा लावला. प्रतिवादी तीन : चुलतभाऊ क्रमांक १, त्यांचे दोन मुलगे क्रमांक २ आणि ३.

आपल्याकडच्या कोर्टात दाव्यातल्या प्रत्येक कागदाला निशाणी नंबर पडतो. दावा अर्ज म्हणजे निशाणी १, आणि तूर्तातूर्त मनाईचा अर्ज बहुधा निशाणी ५. दाव्याचा निकाल लागायला वर्षं जातात. तोवर समोरच्याने काही करू नये, यासाठीचा हा अर्ज. मामांनी त्यात चार गोष्टी मागितल्या होत्या. ६० आरातल्या वहिवाटीला अडथळा करू नये. विहिरीवरच्या पंपाने पाणी घेऊ द्यावं, आठवड्यातले चार दिवस. विहिरीपासून नवी पाइपलाइन प्रतिवादीच्या भागातून टाकू द्यावी. आणि जमीन कुणाला विकू नये.

आदेश मराठीत होता, एकोणीस परिच्छेदांचा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरून उतरवलेली प्रत आमच्याकडे होती, वाचायला ती पुरते. पण पुढे अपील करायचं किंवा कुठे दाखल करायचं तर सही-शिक्क्याची नक्कल लागते, म्हणून वकीलसाहेबांनी नक्कल अर्ज आदेशाच्या दिवशीच देऊन ठेवला होता.

मी मामांना सांगितलं, पहिलं पान उघडू नका. शेवटचं उघडा. ‘आदेश’ असं मधोमध लिहिलेलं असतं, तिथून सहीपर्यंत जे आहे तेवढंच पाळायचं असतं आणि तेवढंच मोडता येतं. पोलीस ठाण्यात, तलाठ्याकडे, कुणाकडेही गेलात तरी माणूस तेवढंच वाचणार. आमच्या आदेशात ते असं होतं :

‘१. अर्ज निशाणी ५ अंशतः मंजूर करण्यात येतो.
२. प्रतिवादी क्र. १ ते ३ यांनी स्वतः अगर अन्य कोणामार्फत, दाव्याचे कलम १-ब मध्ये वर्णन केलेल्या ६० आर क्षेत्रातील वादीचे कब्जा-वहिवाटीस दाव्याचा अंतिम निकाल होईपर्यंत अडथळा करू नये.
३. प्रतिवादी क्र. १ यांनी वादीस विहिरीवरील सध्याचे विद्युत पंपाद्वारे, सध्याचे वहिवाटीप्रमाणे पाणी घेण्यास दाव्याचा अंतिम निकाल होईपर्यंत अडथळा करू नये.
४. अर्जातील उर्वरित मागण्या नामंजूर करण्यात येतात.
५. अर्जाचा खर्च दाव्याच्या निकालावर अवलंबून राहील.’

मामांनी हे दोनदा वाचलं आणि म्हणाले, “यात अतिक्रमणदार कुठंच न्हाई.” नव्हतंच.

मग आम्ही प्रत्येक कलमाला चार प्रश्न विचारले : कोणी, काय, कुठे, कधीपर्यंत. ऐकायला सोपं वाटतं, पण यातच गोष्टी सापडतात. ‘कुठे’चं उत्तर कलम २ मध्ये ‘दाव्याचे कलम १-ब’ असं आहे. म्हणजे चतुःसीमा या आदेशात नाहीतच. त्या दावा अर्जात आहेत. आदेशाची प्रत एकटी घेऊन बांधावर उभं राहिलं तर कुठून कुठपर्यंत हे दाखवता येत नाही. म्हणून दावा अर्जातलं ते पान आणि सोबत जोडलेला कच्चा नकाशा काढून आदेशामागे लावला. ‘कधीपर्यंत’ही असंच नीट बघायचं. दावा लावल्यावर सुरुवातीला मामांना ‘जैसे थे’चा हुकूम मिळाला होता, तो फक्त पुढच्या तारखेपर्यंत होता आणि तारखेगणिक वाढत गेला होता. हा नवा हुकूम दावा संपेपर्यंतचा. मामा खिशात जुनीच प्रत घेऊन फिरत होते, ती मी फायलीत तळाला ठेवली.

‘कोणी’वर आल्यावर मला एक गोष्ट खटकली. कलम २ मध्ये तिघं प्रतिवादी आहेत, कलम ३ मध्ये एकटा क्रमांक १. मी पेन्सिलीने तिथे गोल केला आणि पुढे गेले, कारण असं का, याचं उत्तर कारणांच्या भागात मिळायला हवं होतं.

आता पहिल्या पानावर आलो. इथून समासात खुणा करायच्या ठरवल्या. वादीचं बोलणं असेल तिथे ‘वा’, प्रतिवादीचं असेल तिथे ‘प्र’, आणि न्यायाधीश स्वतः बोलत असतील तिथे ‘को’. कोर्टाचा आदेश लिहिण्याची पद्धत अशी की न्यायाधीश आधी दोन्ही बाजूंचं म्हणणं आपल्या भाषेत मांडतात आणि मग स्वतःचं मत देतात. दोन्ही बाजूंचं म्हणणं मांडताना परिच्छेदाच्या सुरुवातीला एकदाच ‘वादीचे थोडक्यात म्हणणे असे की’ असं येतं, आणि मग पानभर वाक्यं सरळ विधानासारखी जातात. मधल्याच पानाचा फोटो काढला की ती सुरुवात कापली जाते आणि उरतं ते कोर्टाचं मत वाटतं.

परिच्छेद २ ते ५ : वा. परिच्छेद ६ ते ८ : प्र. फोटोतली ओळ परिच्छेद ७ मधली निघाली. परिच्छेद ६ ची सुरुवात ‘प्रतिवादींनी निशाणी १४ कडे म्हणणे दाखल करून वादीचा अर्ज नाकारला. त्यांचे कथन असे की’ अशी होती, आणि ७ हा त्याच कथनाचा पुढचा भाग होता. चुलतभावाने जे कोर्टाला लिहून दिलं होतं, तेच तिथे उतरवलेलं. मामांनी ते समासात ‘प्र’ असं स्वतःच्या हाताने लिहिलं.

मात्र त्यांना परिच्छेद ४ मध्ये एक ओळ फार आवडली होती : ‘वादी हा सदर ६० आर क्षेत्राचा एकमेव मालक आहे.’ त्याखाली त्यांनी आधीच लाल रेघ मारून ठेवली होती. मी विचारलं, “मामा, हे कोण म्हणतंय?” त्यांनी मागे जाऊन परिच्छेद २ ची सुरुवात वाचली आणि थोडा वेळ गप्प बसले. “म्हंजी हे माझंच हाय.” हो, तुमच्याच दाव्यातलं. तिथेही ‘वा’. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्या विरुद्धची ओळ तपासायला माणूस धडपडतो, आपल्या बाजूची ओळ कुणी तपासत नाही. आणि पुढे त्याच ओळीच्या भरवशावर बँकेत किंवा खरेदीदाराकडे बोलून बसतो.

परिच्छेद ९ मध्ये वकिलांचा युक्तिवाद. इथे खूण करताना जपावं लागतं. ‘वादीचे विद्वान वकिलांनी असा युक्तिवाद केला की’ याच्या पुढचं सगळं ‘वा’. तिथेच वरिष्ठ न्यायालयांचे निवाडे येतात. आमच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाचा दलपत कुमार विरुद्ध प्रल्हाद सिंग हा निवाडा होता. तूर्तातूर्त मनाईच्या आदेशांत तो हमखास भेटतो. अशा निवाड्यातला उतारा वाचताना त्यातली माणसं आणि व्यवहार आपले नसतात, घ्यायचं असतं ते तत्त्व. आणि ते तत्त्व आपल्याला लागू केलं की नाही, हे पुढे ‘प्रस्तुत प्रकरणात’ असं सुरू होणाऱ्या वाक्यात सापडतं. ते वाक्य मिळेपर्यंत निवाड्यावर कुठलीच खूण करू नये.

परिच्छेद १० म्हणजे तक्ता. डावीकडे मुद्दे, उजवीकडे निष्कर्ष. तूर्तातूर्त मनाईत मुद्दे ठरलेले असतात : वादीची प्रथमदर्शनी केस आहे का, सोयीचा समतोल कुणाकडे झुकतो, मनाई न दिल्यास भरून न येणारं नुकसान होईल का, आणि आदेश काय. उजवीकडे पहिल्या तिन्हीसमोर ‘अंशतः होकारार्थी’ आणि शेवटी ‘अंतिम आदेशाप्रमाणे’. हा तक्ता म्हणजे सीमारेषा. याच्या वर जवळजवळ सगळं पक्षकारांचं, याच्या खाली कोर्टाचं. ज्याला पूर्ण आदेश वाचणं जमणार नाही त्याने निदान हा तक्ता कुठल्या पानावर आहे ते शोधावं.

तक्त्याच्या खाली परिच्छेद ११ ते १८, कारणमीमांसा. इथे सगळीकडे ‘को’ येईल असं मामांना वाटलं, पण तसं नसतं. कारणं देताना न्यायाधीश पुन्हा एखाद्या बाजूचा मुद्दा उचलतात, आणि मग तो स्वीकारतात किंवा फेटाळतात. परिच्छेद १३ मध्ये ‘प्रतिवादीतर्फे असे प्रतिपादन करण्यात आले की सहहिस्सेदाराविरुद्ध मनाई देता येत नाही’ असं आहे. हे ‘प्र’. तिसऱ्या वाक्यात ‘तथापि’ आणि त्यापुढे ‘माझे मते’. तिथून ‘को’. एकाच परिच्छेदात खूण बदलते, म्हणून इथे परिच्छेदाला नव्हे, वाक्याला खूण केली.

कारणांच्या भागात हकिगतीचेही तीन थर असतात, आणि ते वेगळे केल्याशिवाय पुढचं काम होत नाही. पहिला थर उभयपक्षी मान्य गोष्टींचा. परिच्छेद ११ मध्ये स्पष्ट लिहिलं होतं : गट एकच आहे, मूळ मालक दोघे भाऊ होते, सात-बाऱ्यावर नावं सामाईक आहेत, विहीर पूर्वेच्या भागात आहे, हे दोन्ही बाजूंना मान्य. मान्य गोष्ट पुढे शाबित करत बसावी लागत नाही. दुसरा थर वादातल्या पण कागदावरून प्रथमदर्शनी दिसलेल्या गोष्टींचा. परिच्छेद १२ मध्ये न्यायाधीशांनी निशाणी ३/४ ते ३/९ कडचे सात-बारा उतारे पाहिले, पीकपाहणीत पश्चिमेकडच्या क्षेत्रात मामांचं नाव सातत्याने आहे असं नोंदवलं, आणि त्यावरून कब्जा प्रथमदर्शनी वादीचा असा निष्कर्ष काढला. तिसरा थर कोर्टाने मुद्दाम उघडा ठेवलेल्या गोष्टींचा. ‘सन १९८७ मध्ये तोंडी वाटप झाले किंवा कसे, ही बाब पुराव्याअंती ठरवावयाची आहे.’

हे वाक्य मी मामांना मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणजे मालकी अजून ठरलेली नाही. कोर्टाने एवढंच म्हटलंय की आज कसणारा माणूस हा दिसतो, तेव्हा दावा चालू असेतोवर त्याला कुणी हलवू नये. पीकपाहणी कोण कसतंय हे सांगते, जमीन कुणाची हे ठरवत नाही. परिच्छेद १८ मध्ये तर सरळ लिहिलं होतं की या आदेशातली निरीक्षणं या अर्जापुरतीच आहेत आणि दाव्याच्या गुणदोषांवर त्यांचा परिणाम होणार नाही. मामांचा चेहरा जरा उतरला, पण मला ते आत्ताच कळणं बरं वाटलं. साक्षीपुराव्याची वेळ येईल तेव्हा १९८७ चे साक्षीदार हुडकावे लागणार आहेत, आणि ते म्हातारे झालेत.

कारणांच्या भागातली आणखी एक जात मी नेहमी वेगळी काढते : ‘दाखल केलेले नाही’, ‘दिसून येत नाही’, ‘खुलासा केलेला नाही’ अशी संपणारी वाक्यं. आमच्या आदेशात ती तीन होती. चार दिवसांच्या पाळीबद्दल कुठलाही लेखी कागद नाही. वाटपाच्या वेळी हजर असलेल्या कुणाचंही शपथपत्र नाही. नवी पाइपलाइन कुठून जाणार याचा मोजणी नकाशा नाही. वाचणाऱ्याला ही टीका वाटते आणि तो पुढे सरकतो. मी ती तिन्ही एका कोऱ्या कागदावर उतरवली. दाव्यात अजून पुरावा व्हायचाय. कोर्टाला काय कमी पडलं हे याहून स्वच्छ कुठेच लिहून मिळत नाही.

यानंतरचं काम सगळ्यात उपयोगाचं ठरलं. एका कागदाचे तीन रकाने केले. डावीकडे अर्जातल्या चार मागण्या, मधे त्या मागणीबद्दलच्या ‘को’ खुणेच्या ओळी, उजवीकडे आदेशाचं कलम. प्रत्येक मागणी ओळीत सरळ जाते का ते पाहायचं. मागणीला कारण आहे पण हुकूम नाही, हुकूम आहे पण कारण नाही, किंवा कारण एक सांगतंय आणि हुकूम त्याहून कमी-जास्त देतोय, असं काही दिसलं की तिथे थांबायचं.

वहिवाटीची मागणी सरळ गेली. परिच्छेद १२ आणि १३ मधली कारणं, तिन्ही प्रतिवादींविरुद्ध कलम २.

पाण्याची मागणी परिच्छेद १५ आणि १६ मध्ये. मामांच्या नावाचं शेतीपंपाचं वीजबिल निशाणी ३/११ कडे होतं, प्रतिवादींनी ते नाकारलं नव्हतं. म्हणून पंप मामांचा आणि पाणी घेण्याची वहिवाट चालू आहे, असं कोर्टाने धरलं. चार दिवसांची पाळी मात्र कागदाअभावी दिली नाही, म्हणून हुकमात ‘सध्याचे वहिवाटीप्रमाणे’ हे शब्द आले. इथपर्यंत जुळतंय. पण परिच्छेद १६ चं शेवटचं वाक्य असं होतं : ‘सबब प्रतिवादींना सदर पंपाद्वारे पाणी घेण्यास अडथळा करण्यापासून रोखणे न्यायोचित होईल.’ प्रतिवादींना, अनेकवचनात. कुठेही क्रमांक १ ला वेगळं काढल्याचं कारण नाही. आणि हुकमात एकटा क्रमांक १, शिवाय कलम २ मधले ‘स्वतः अगर अन्य कोणामार्फत’ हे शब्दही तिथे नाहीत. माझा पेन्सिलीचा गोल तिथेच उभा राहिला.

हे नुसतं शब्दांचं भांडण नव्हतं. त्याच आठवड्यात पंपाचा स्टार्टर बंद करून पेटीला कुलूप लावणारा माणूस होता धाकटा मुलगा, प्रतिवादी क्रमांक ३. मामांना वाटत होतं, सरळ हुकूम मोडला म्हणून अर्ज करावा. मनाई हुकूम मोडला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ नियम २-अ खाली मालमत्तेवर जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. पण त्या अर्जात कोर्ट पहिलं हेच बघतं की या माणसाला हे करू नकोस असं सांगितलं होतं का. वाद आला तर कारणातलं ‘प्रतिवादींना’ कामाला येत नाही, हुकमातलं ‘क्रमांक १’ येतं.

तीन रकान्यांचा कागद घेऊन आम्ही वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी परिच्छेद १६ आणि कलम ३ शेजारी शेजारी वाचलं आणि म्हणाले, “हे लिहिताना राहून गेलंय. कलम १५२ खाली दुरुस्ती मागू.” दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ प्रमाणे निकालपत्रात, हुकूमनाम्यात किंवा आदेशात लेखनाची, आकडेमोडीची किंवा नजरचुकीने राहिलेली चूक कोर्ट स्वतःहून किंवा अर्जावर केव्हाही दुरुस्त करू शकतं. मात्र मत बदलून मागता येत नाही. ‘चार दिवसांची पाळी द्या’ असं या कलमाखाली म्हणता आलं नसतं, कारण ती कोर्टाने कारण देऊन नाकारली होती. ‘प्रतिवादी क्र. १ ते ३’ म्हणता आलं, कारण ते कोर्टाच्याच कारणात होतं. कारण आणि हुकूम वेगळे काढून शेजारी ठेवले नसते तर हा फरक दाखवताच आला नसता. अर्जात आम्ही दोन्ही वाक्यं जशीच्या तशी उतरवली, बाकी काही लिहिलं नाही. समोरच्या बाजूचं म्हणणं घेऊन कोर्टाने दुरुस्ती मंजूर केली. दुरुस्त आदेशाची नक्कल मिळाल्यावर पेटीचं कुलूप निघालं.

नामंजूर झालेल्या दोन मागण्या उरल्या. मामांचा अपिलाचा आग्रह होता. निशाणी ५ वरच्या आदेशाविरुद्ध आदेश ४३ खाली जिल्हा न्यायालयात किरकोळ दिवाणी अपील करता येतं, मुदत ३० दिवस, आणि नक्कल मिळायला लागलेला काळ त्यातून वजा होतो. पण अपील करायचं ते हुकमातल्या ‘नामंजूर’ या शब्दाशी भांडून होत नाही, त्यामागच्या कारणाशी भांडावं लागतं. म्हणून मधला रकाना पुन्हा वाचला.

जमीन विकू नये ही मागणी परिच्छेद १७ मध्ये नाकारली होती. कारण असं की दावा चालू असताना झालेलं हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे दाव्याच्या निकालाला बांधील राहतं, तेव्हा वेगळ्या मनाईची गरज नाही. हे वाचून मामांना वाटलं, कोर्टाने चुलतभावाला विकायची परवानगीच दिली. वकीलसाहेबांनी मात्र त्याच कारणातून पुढचं काम काढलं. आपल्या राज्यात या कलमाला स्थानिक दुरुस्ती आहे आणि तिच्यात दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवण्याची तरतूद आहे. ती नोटीस नोंदवली की जमीन घ्यायला येणाऱ्याला शोध अहवालातच दावा दिसतो. हुकमात यातलं एक अक्षर नव्हतं. ते कारणातून मिळालं. नोटीस आम्ही नोंदवली.

पाइपलाइनबद्दल परिच्छेद १४ मध्ये दोन कारणं होती. तूर्तातूर्त मनाईने आहे ती स्थिती राखायची असते, नवी सोय उभी करून द्यायची नसते. आणि मोजणी नकाशा नाही. दुसरं कारण नकाशा आणून भरून निघालं असतं, पण पहिलं नकाशाने हलणारं नव्हतं. दोन कारणांपैकी एकही टिकलं तरी नामंजुरी टिकते, म्हणून अपिलात पैसे घालण्यात अर्थ नव्हता. त्याऐवजी दुसऱ्याच्या जमिनीतून पाण्याची वाट मिळावी यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचं ठरलं. त्या अर्जाला नकाशा लागतोच, म्हणून भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची फी भरली आहे.

आदेशाच्या सगळ्या पानांची एक संपूर्ण प्रत मामांच्या मुलाने त्याच ग्रुपवर टाकली, परिच्छेद ६ ची पहिली ओळ आणि शेवटचं पान यांना चौकट करून. मोजणीची तारीख अजून यायची आहे. १९८७ च्या वाटपाला हजर असलेल्यांपैकी दोघं जण अजून आहेत, त्यांच्याशी मामा बोलून आलेत.